लॅमिंग्टन रोडवरच्या तयार क्रिंप वायरी आणि ८५ अंशांचा इशारा

माझी आतेबहीण वरळी कोळीवाड्यात मासळी विकते. तिच्या बर्फाच्या तीन पेट्यांना मी पावसाळ्याआधी तापमानाचे सेन्सर बसवून दिले. पेटी तापली की तिच्या फोनवर इशारा जावा, एवढंच काम. डीएस१८बी२० हा सेन्सर तीन तारांचा असतो: वीज, अर्थ आणि डेटा. म्हणून सेन्सर वाचणाऱ्या बोर्डावर तीन पिनांचं एक्सएच प्रकारचं कनेक्टर लावलं आणि त्याच्या वायरी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून आणल्या. पाकिटावर जेएसटी या जपानी कनेक्टर कंपनीचं नाव छापलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल आहेत, कंपनीत क्रिंप झालेल्या." क्रिंप म्हणजे वायरीच्या टोकावर धातूचं टर्मिनल दाबून बसवणं. पन्नास वायरींचे सहाशे रुपये दिले. बिलावर त्याने फक्त 'वायर सेट' लिहिलं आणि मीही ते वाचलं नाही.

आठवड्याभरात रात्री-अपरात्री इशारे यायला लागले. पेटीत बर्फ भरलेला आणि फोनवर ८५ अंश! कधी उणे १२७. ताई दोनतीनदा झोपेतून उठून धावली आणि मग तिने इशाऱ्याकडे बघणंच सोडलं. नेमक्या एका रात्री झाकण नीट बसलं नव्हतं, बर्फ वितळला आणि सुरमई गेली. त्या नुकसानीचं मला आजही वाईट वाटतं.

हे दोन आकडे ओळखून ठेवा. या सेन्सरची वीज जाऊन परत आली, की नवीन मोजमाप होईपर्यंत तो ८५ सांगतो. उणे १२७ म्हणजे सेन्सरचं उत्तरच आलं नाही, असं आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी सांगते. दोन्ही आकडे आलटून पालटून दिसले तर सेन्सर बदलण्याआधी वायर हलवून बघा. मी ते न करता दोन सेन्सर बदलले.

शेवटी एक टर्मिनल कनेक्टरच्या प्लास्टिकच्या हाउसिंगमधून काढून भिंगाखाली धरलं, तेव्हा फसवणूक दिसली. टर्मिनलला कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्यावर दाबायची, मागची प्लास्टिकच्या आवरणावर. इथे आवरण जेमतेम अर्धा मिलिमीटर सोललेलं होतं, त्यामुळे पुढचे कानही प्लास्टिकवरच आवळलेले होते. तांब्याचे दोनचार धागे कडेला टेकत होते, म्हणून टेबलावर मल्टिमीटर बीप देत होता. दाबाखालचं प्लास्टिक दिवसांनी सरकतं, पकड सैल होते आणि पेटीचं झाकण आपटलं की संपर्क तुटतो. उरलेल्यांतल्या दहा वायरी बोटांनी ओढल्या; चार टर्मिनलमधून सुटून हातात आल्या. चुंबक लावला तर टर्मिनल चिकटलं. जेएसटीचं एक्सएच टर्मिनल फॉस्फर ब्राँझचं, वर कथिलाचा थर दिलेलं असतं. त्याला चुंबक चिकटत नाही. हे लोखंडी होतं, आणि कोळीवाड्याच्या खाऱ्या हवेत त्याच्या कापलेल्या कडांवर तांबूस डाग पडलेच होते. मात्र चुंबक चिकटला नाही म्हणून माल अस्सल ठरत नाही, कारण पितळी नक्कलही मिळते.

परत घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, ओढल्यावर कुठलीही वायर सुटेलच." हे खोटं आहे. बिलावर मालाचं नाव नसल्यामुळे मला पुढे भांडता आलं नाही.

मग सुटी टर्मिनलं आणि २६ गेजची तांब्याची वायर आणून स्वतः क्रिंप केलं. आवरण सुमारे दोन मिलिमीटर सोललं. तांबं आणि आवरण वेगवेगळ्या खाचांत दाबणारी पक्कड घेतली, कारण एकाच दाबात दोन्ही उरकणाऱ्या स्वस्त पकडीत या बारीक टर्मिनलचे मागचे कान आवरणात घुसून ते कापतात. क्रिंप झाल्यावर भिंगातून तीन गोष्टी बघायच्या. पुढच्या कानांच्या पलीकडे धाग्यांची टोकं किंचित डोकावली पाहिजेत. दोन जोड्यांच्या मधल्या फटीत आवरणाची कड आणि तांबं, दोन्ही दिसलं पाहिजे. आणि पुढचे कान आत वळून तांब्यात रुतलेले असले पाहिजेत, नुसते मिटलेले नकोत. सैल क्रिंपवर सोल्डर टाकायचा मोह होतो. टाकू नका. सोल्डर तारेत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि तो संपतो तिथेच वायर तुटते.

प्रत्येक वायरीला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली मिनिटभर टांगली. पहिल्या सहांपैकी दोन घसरल्या, कारण मी तांबं कमी सोललं होतं. नंतरच्या बारांपैकी एकही घसरली नाही.

त्याच दुकानातून बॅटरीसाठी दोन पिनांच्या पीएच वायरीही घेतल्या होत्या. हे कनेक्टर लहान, पिनांमधलं अंतर दोन मिलिमीटर, एक्सएचचं अडीच. यात लाल तार कोणत्या बाजूला असावी याचा काही नियमच नाही, बोर्डागणिक ती बदलते. माझ्या बोर्डावरच्या अधिक-उणे खुणांशी मल्टिमीटरने ताडून पाहिलं तेव्हा पाकिटातली प्रत्येक वायर उलटी निघाली. तशीच खोचली असती तर लिथियम बॅटरी उलटी जोडली जाऊन बोर्ड जळाला असता. टर्मिनलची बारीक जीभ सुईने दाबून दोन्ही तारा बाहेर काढल्या आणि अदलाबदल करून बसवल्या. आत क्रिंप तसंच कच्चं होतं, म्हणून तीही कापून नवी केली.