इझी आयर्न शर्ट, दिवाळी ते पावसाळा: काय टिकलं, काय गेलं आणि का

दिवाळीच्या आधी जळगावला फुले मार्केटमधून शंभर टक्के कॉटनचे इझी आयर्न शर्ट घेतले होते, एक पांढरा एक आकाशी, आणि धाकट्या भावासाठी त्याच मापाचा त्याच कंपनीचा पांढरा. भाऊ धुळ्याला रूम करून राहतो, कपडे लाँड्रीत देतो. माझे घरच्या मशीनमध्ये धुतले जातात. आता पावसाळा लागला आणि तो रविवारी घरी आला तेव्हा दोन्ही पांढरे शर्ट शेजारी शेजारी ठेवून बघितले, तर ते एकाच दिवशी घेतलेत हे कोणाला सांगूनही पटणार नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण दुकानात "इस्त्रीच लागत नाही साहेब" एवढंच सांगतात आणि पुढचं कोणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, इझी आयर्न म्हणजे बिनइस्त्रीचा नव्हे. नवा असताना ओला हँगरला लावला की अंगावरचा भाग जवळपास सपाट वाळायचा, फक्त कॉलर, बटणपट्टी आणि कफवर हलकी इस्त्री फिरवली की ऑफिसला जाण्याजोगा. साध्या कॉटनला पाणी मारून, दाबून दाबून जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्याहून कमी वेळात काम व्हायचं, माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे कारण सकाळी लाइटचा भरवसा नसतो.

आता हे होतं कसं. माझा चुलत भाऊ सुरतला कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून वाळवायच्या मशीनवर आहे (आपल्याकडची निम्मी पोरं तिकडंच आहेत), त्याला मी विचारलं की हे कोटिंग किती धुण्यात निघतं, तर तो पहिलंच वाक्य बोलला, "ते कोटिंग नही शे भो." म्हणजे वरून चोपडलेला थर नाहीच. कापसाचा धागा सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा असतो, त्या साखळ्या एकमेकींना कच्च्या बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की हे कच्चे बंध सुटतात, साखळ्या सरकतात, आणि वाळताना ज्या वेड्यावाकड्या जागी असतील तिथंच नवे बंध धरतात, तीच सुरकुती. कंपनी काय करते, कापड रेझिनच्या पाण्यातून काढते, रोळांमध्ये पिळते, वाळवते आणि मग साधारण 150 ते 160 डिग्रीला काही मिनिटं भाजते, त्याला क्युरिंग म्हणतात. सगळ्यात जास्त चालणारं रेझिन डीएमडीएचईयू नावाचं, सोबत मॅग्नेशियम क्लोराइडसारखा कॅटॅलिस्ट. त्या उष्णतेत रेझिन शेजारशेजारच्या दोन साखळ्यांना पक्क्या रासायनिक जोडाने बांधून टाकतं. बाजेला नुसते उभे दोर घातले तर ते बाजूला सरकतात आणि तसेच राहतात, आडवे विणले की दाबलं तरी परत जागेवर येतात, तसंच हे. पाण्याने कच्चे बंध सुटले तरी हे जोड सुटत नाहीत आणि साखळ्यांना मूळ जागी ओढून आणतात. भाजताना कापड सपाट होतं म्हणून त्याची "मूळ जागा" सपाट. शर्ट शिवून झाल्यावर भाजला तर त्याच्या प्लेट्ससुद्धा कायम बसतात.

यातून एक गोष्ट आपोआप कळते ती अशी की हे जोड एकदा तुटले की घरी परत लागत नाहीत. आपल्या मे महिन्याच्या उन्हात कापड कितीही तापलं तरी नाही आणि इस्त्री कितीही गरम केली तरी नाही, कारण कापडात आता ना मोकळं रेझिन उरलंय ना कॅटॅलिस्ट.

मग "फिनिश उतरलं" असं जे आपण म्हणतो त्यात खरं तर वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगवेगळ्या वेगाने जातात. पहिला जातो सॉफ्टनर. रेझिनने कापड कडक आणि कोरडं लागतं म्हणून कंपनी सोबत सिलिकॉन किंवा पॉलिएथिलीनचा सॉफ्टनर घालते, त्यानेच दुकानात हात फिरवल्यावर तो गुळगुळीतपणा लागतो, आणि धागे एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून चुरगळलेलं कापड लवकर सुटं होतं. हा सॉफ्टनर रेझिनइतका पक्का बांधलेला नसतो. माझ्या आकाशी शर्टवर नवा असताना पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा जरा वेळ बसून राहायचा, होळीपर्यंत थेंब टाकल्या टाकल्या पसरायला लागला. त्याच सुमाराला बायको म्हणाली की याला आता जास्त इस्त्री लागते. पण बारकाईने बघितलं तर मोठ्या मोडी अजूनही पडत नव्हत्या, फक्त बारीक बारीक चुण्या राहायच्या, म्हणजे जोड शाबूत होते, गेला होता तो सॉफ्टनर. ओळखायचं सोपं आहे, वाळलेल्या शर्टचं टोक मुठीत मिनिटभर घट्ट दाबायचं आणि सोडायचं. हळूहळू स्वतःहून उघडलं तर रेझिन काम करतंय. मुठीत होतं तसंच बसून राहिलं तर रेझिनचं काम संपत आलंय.

भावाच्या शर्टचं टोक तसंच बसून राहिलं. त्याचा शर्ट लाँड्रीत कसा धुतला जातो ते त्याने विचारून घेतलं, पांढरा म्हटल्यावर गरम पाणी, सोडा, आणि प्रत्येक वेळी क्लोरीनचं ब्लीच, मग पिळून, मग कडक इस्त्री. यातलं ब्लीच सगळ्यात घातक. रेझिनमध्ये नायट्रोजन असतो, तो क्लोरीन धरून ठेवतो, खळबळून धुतलं तरी थोडा राहतोच, आणि वरून तापलेली इस्त्री फिरली की त्याच क्लोरीनपासून आम्ल तयार होतं. ते आम्ल रेझिनचे जोडही तोडतं आणि कापसाच्या साखळ्याही तोडतं. नवी रेझिनं क्लोरीन कमी धरतात, पण थोडं तरी धरतातच. भावाच्या शर्टला जिथं इस्त्री जास्त वेळ टेकते तिथं, म्हणजे कॉलर आणि बटणपट्टीवर, पिवळट झाक आलीय, बाकी शर्ट पांढराफेक. लाँड्रीवाल्याला वाटलं डाग आहे म्हणून त्याने अजून ब्लीच मारलं. शर्टच्या आतल्या लेबलवर रिकाम्या त्रिकोणावर फुली असते ना, ती यासाठीच असते, पण ते लेबल लाँड्रीत कोण वाचतंय.

कॉलरची घडी त्याची फाटलीय, पांढरे दोरे बाहेर आलेत. आणि इथं मला स्पष्ट सांगायचंय की ही सगळी चूक लाँड्रीची नाही, माझ्याही शर्टच्या कफच्या कडेला आता कापड विरळ दिसतंय. हा या फिनिशचा मूळ दोष आहे. साध्या कापडावर ताण आला की साखळ्या थोड्या सरकून ताण वाटून घेतात, जोडांनी बांधलेल्या साखळ्यांना सरकताच येत नाही म्हणून त्या तुटतात. शिवाय क्युरिंगच्या वेळी कॅटॅलिस्टचं आम्ल आणि उष्णता कापसाला थोडं खाऊनच टाकतात. शंभर टक्के कॉटनची ताकद यात तिसऱ्या हिश्श्याने कमी होणं नेहमीचंच, जड फिनिश असेल तर त्याहून जास्त. त्यातही घासणीला हे कापड फारच हळवं होतं. म्हणून कॉलरवर ब्रश आणि दगडावर आपटणं हे या शर्टला अजिबात चालत नाही, आपल्याकडं तर मळलेली कॉलर ब्रशने घासल्याशिवाय धुतल्यासारखंच वाटत नाही. मी कॉलरला लिक्विड लावून पंधरा मिनिटं ठेवतो आणि बोटांनी चोळतो, माझी कॉलर अजून शाबूत आहे.

धुण्याबद्दल माझा अनुभव असा की पावडर कोणती यापेक्षा पाणी, ड्रममधली गर्दी आणि पिळणं याने जास्त फरक पडतो. हे शर्ट इस्त्रीविना सगळ्यात सपाट निघतात ते ड्रायरमध्ये वाळवून गरम असतानाच बाहेर काढले तर, आपल्याकडं ड्रायर कोणाच्या घरी आहे. म्हणून तारेवर किंवा हँगरवर वाळवताना सुरकुती मुळात पडूच द्यायची नाही, हे आपल्यालाच बघावं लागतं. ड्रम अर्धाच भरायचा, शर्ट उलटा करून बटणं सोडून टाकायचा, स्पिन 400 च्या आसपास, आणि मशीन थांबली की लगेच काढायचा. ओला शर्ट ड्रममध्ये तासभर गोळा होऊन पडला तर चांगलं रेझिनसुद्धा त्या मोडी पूर्ण काढू शकत नाही. निथळता हँगरला लावला की पाण्याचं वजन कापड खाली ओढतं आणि अर्धी इस्त्री तिथंच होते, कॉलर आणि शिवणी हाताने ताणून द्यायच्या. आमच्याकडं सावलीतसुद्धा तासाभरात वाळतो, उन्हाची गरज नाही.

बोअरचं पाणी हा आपल्या भागातला वेगळा त्रास. जड पाण्यातला कॅल्शियम पावडरमधल्या सोड्याशी मिळून कापडात बारीक पांढरा क्षार बसवतो. शर्ट कडक लागायला लागला की लोकांना वाटतं फिनिश गेलं, पण बऱ्याचदा तो क्षार असतो, आणि तोच बारीक रेतीसारखा धाग्यांना आतून घासतो. नळाचं पाणी येतं त्या दिवशी मी हे शर्ट धुतो, आणि बोअरचं वापरावं लागलं तर लिक्विड डिटर्जंट आणि एक खळबळणी जास्त.

उन्हाळ्याचं खरं सांगतो, मे महिन्यात हे शर्ट मी कमी घातले. जोडांमुळे धागा पाण्याने कमी फुगतो, म्हणून लवकर वाळतो पण घामही साध्या सुतीसारखा पीत नाही, आणि 44 डिग्रीत पाठीला चिकटतो. नवा शर्ट न धुता घालू नका हेही सांगून ठेवतो, या रेझिनमधून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं, उघडल्यावर जो उग्र वास येतो तो बऱ्याचदा त्याचाच, आणि पहिल्या धुण्यात मोकळं असलेलं बरंचसं निघून जातं. ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी तर दोनदा धुवावा.

पॉलिएस्टर मिक्स शर्टचं गणित वेगळं आहे, तिथं सपाटपणा बराचसा पॉलिएस्टरचा स्वतःचा असतो म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो, फक्त उकळत्या पाण्यात टाकून पिळायचा नाही कारण सत्तर-ऐंशी डिग्रीच्या पुढं पॉलिएस्टर मऊ पडतं आणि पिळलेल्या मोडी त्यात पक्क्या बसतात.

मी परत घेईन का, तर आकाशी किंवा कुठलाही रंगीत घेईन, कारण रंगीतला कोणी ब्लीच लावत नाही. पांढरा फक्त घरी धुणार असेन तरच. भावाला यावेळी मिक्स घेऊन दिलाय, लाँड्रीत देणाऱ्याला तोच बरा.