जीबोर्डचे शिकलेले शब्द पुसून चार-पाच महिने झाले, अनुभव

घरात एकच फोन आई आणि मी दोघी वापरतो, त्यामुळे त्यातला जीबोर्ड हा कीबोर्ड दोघींचं टायपिंग शिकत गेला होता. आईच्या तपासण्या चालू होत्या तेव्हा बायोप्सी, डॉक्टरांचं नाव, औषधांची नावं मी रोज टाईप करायचे, आणि सगळं नीट झाल्यावरही मावशीला साधं "बाकी" लिहायला गेलं की वर पट्टीत "बायोप्सी" हजर. आई ते वाचायची आणि गप्प व्हायची. शिवाय "धन्यावाद" असं चुकीचं रूप असं घट्ट बसलेलं की बरोबर शब्दाच्या आधी तेच पुढे यायचं.

सुरुवातीला एकेक शब्द काढला. पट्टीतला शब्द दाबून धरायचा, कचऱ्याचा डबा दिसला की ओढत नेऊन त्यात सोडायचा. दोन-चार शब्दांसाठी हे बेस्ट, बाकीचं शिकलेलं जसंच्या तसं राहतं. पण औषधांची नावं किती ते आठवेनात, मग सगळंच पुसलं.

जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Privacy, त्यात Delete learned words and data. तिथे एक नंबर दिसतो, तोच खाली टाईप करून कन्फर्म करायचं, म्हणजे चुकून बोट लागून काही जात नाही, आणि एकदा पुसलं की परत आणता येत नाही. मराठी-इंग्रजी दोन्हीचं शिकलेलं एकदमच जातं. लगेच चॅटमध्ये "बा" टाईप करून बघितलं, बाकी, बाहेर, बाबा असे साधे शब्द आले.

पण डॉक्टरांचं नाव तरीही येतच होतं! ते येत होतं कॉन्टॅक्टमधून, शिकलेल्या शब्दांशी त्याचा संबंधच नाही. Text correction मध्ये कॉन्टॅक्टची नावं सुचवायचं बटण असतं, ते बंद केल्यावर थांबलं. तसंच Dictionary मधल्या Personal dictionary मध्ये आपण स्वतः टाकलेले शब्द, शॉर्टकट वेगळे राहतात, ते तिथे जाऊन भाषेनुसार हाताने काढावे लागतात, आणि क्लिपबोर्डवर कॉपी केलेला रिपोर्टचा मजकूर तर त्याहून वेगळा, तोही उघडून बघाच.

तोटा खरा आहे. पहिले काही आठवडे आमच्या गावाचं नाव, आडनाव, "येतेय गं" सारखं बोलीतलं, सगळं पूर्ण टाईप करावं लागलं, आई तर वैतागली होती. हळूहळू परत बसलं. "धन्यवाद" आता पहिल्याच फटक्यात येतं, कारण सुरुवातीला मी मुद्दाम सावकाश आणि बरोबर टाईप केलं, घाईत चुकीचं रूप परत परत पाठवलं असतं तर ते पुन्हा शिकलंच असतं.

आता तब्येतीबद्दल काही शोधायचं असेल तर मी क्रोमचा इनकॉग्निटो टॅब उघडते, तिथे जीबोर्ड नवीन शब्द शिकत नाही, कीबोर्डवर टोपी-चष्म्याचं चिन्ह दिसतं त्यावरून कळतं. साध्या चॅटमध्ये मात्र तो शिकतो, म्हणून मावशीशी औषधांबद्दल आता फोनवरच बोलते.