पिल्लू सोळा आठवडे घरातच ठेवायचं, की कडेवर घेऊन बाहेर न्यायचं?

इंदूरच्या मराठी घरांसाठी आम्ही कुत्र्याच्या पिल्लाच्या संगोपनाचा व्हिडिओ लिहितो आहोत. खाणं, शी-शू आणि चावणं हे भाग सरळ लिहून झाले. अडलं ते बाहेर नेण्याच्या भागापाशी. एक डॉक्टर सांगतात, सगळी इंजेक्शनं होईपर्यंत पिल्लाला उंबऱ्याबाहेर काढू नका. दुसरे सांगतात, जमिनीवर ठेवू नका पण बाहेरचं जग दाखवा. पहिल्यांदाच पिल्लू आणणाऱ्या घराला यातलं एक निवडावं लागतं आणि तेही पहिल्याच आठवड्यात. म्हणून आम्ही या भागाच्या दोन्ही संहिता लिहिल्या. त्या इथे शेजारी-शेजारी ठेवतो.

आधी दोन्हींना लागू असलेली गोष्ट. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून प्रतिपिंडं मिळतात. ती त्याला जपतात, पण तीच लसही निकामी करतात. कुणाच्या अंगातली ती सहाव्या-आठव्या आठवड्यात ओसरतात, कुणाची सोळाव्यापर्यंत टिकतात, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून लस दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा देतात आणि शेवटची सोळा आठवड्यांनंतर देतात. छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेची शिफारसही हीच आहे. म्हणजे तीन इंजेक्शनांनी ताकद थोडी थोडी साठत जाते असं नाही. त्यातलं एखादं नक्की लागू पडावं म्हणून ती परत परत द्यायची. त्यामुळे ‘एक सुई झाली, आता चालेल’ हे चूक, आणि ‘एक सुई झाली पण उपयोग शून्य’ हेही चूक.

भीती मुख्यतः पार्व्होची. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतो आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. नेहमीच्या फिनाईलवर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. जागा आधी साबणाने धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी ओतून दहा मिनिटं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ पिल्लू दुसऱ्या खोलीत. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा दुसरं काही मिसळायचं नाही. पिल्लू अचानक मलूल झालं, खाणं सोडलं, उलट्या करू लागलं, घाण वासाचे रक्ताळ जुलाब लागले, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता तारखा मांडून बघू. समजा पिल्लू 1 सप्टेंबरला आठ आठवड्यांचं आहे आणि त्याच दिवशी पहिली लस झाली. दुसरी 29 सप्टेंबरला, बाराव्या आठवड्यात. तिसरी 27 ऑक्टोबरला, सोळा आठवडे पुरे झाल्यावर. रेबीजची बारा आठवड्यांनंतर, डॉक्टर ठरवतील त्या दिवशी. शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे थांबलं तर पहिली खरी फेरी 10 नोव्हेंबरला पडते. दुसऱ्या बाजूला, नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचं पिल्लाचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचं. चौदावा आठवडा 13 ऑक्टोबरला पुरा होतो. म्हणजे पहिल्या फेरीच्या चार आठवडे आधीच ते वय सरतं. सगळा पेच हाच आहे.

पहिली संहिता: घरातच

दृश्य: ओट्यावर चपलांचा कप्पा. पाहुणे चपला काढतात, हात धुतात, मगच बैठकीत येतात. पिल्लू सतरंजीवर.

आवाज: ‘पार्व्हो चालत घरात येत नाही, आपणच त्याला तळव्याखाली घेऊन येतो.’

घरात ठेवलं म्हणजे धोका मिटला असं होत नाही, म्हणून हे दृश्य पहिलं घेतलं. अंगण किंवा पार्किंग गल्लीतल्या कुत्र्यांना मोकळं असेल, तर तेही बाहेरच मोजायचं. घरात राहून बरंच शिकवता येतं. हेल्मेट घातलेला काका, रेनकोटमधली ताई, काठी टेकत येणारे आजोबा, सगळे बैठकीत भेटू शकतात. पायाखाली तरट, पत्रा, ओली फरशी देता येते. फटाक्यांचं ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावता येतं.

न जमणारं एवढंच: रस्ता. बसचा हादरा, अंगावर येणारा हॉर्न, अनोळखी कुत्र्याचा वास आणि चाल हे बैठकीत आणता येत नाही. 10 नोव्हेंबरला अठरा आठवड्यांचं, वजनदार पिल्लू पहिल्यांदा फाटकाबाहेर येतं आणि जमिनीला चिकटून बसतं. मग साखळी ओढली जाते, आणि ओढल्याने भीती आणखी पक्की होते. 1961 मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट या अमेरिकन संशोधकांनी काही पिल्लं चौदा आठवडे माणसाच्या संपर्काबाहेर वाढवली होती. ती पुढेही माणसाला बिचकत राहिली. आपल्या घरातलं पिल्लू इतकं एकटं नसतं, त्यामुळे त्या निष्कर्षाने कुणी घाबरून जाऊ नये. पण नव्या गोष्टी स्वीकारण्याचं वय कधी सरतं, हे त्यातून कळतं.

दुसरी संहिता: कडेवर

अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांची संघटना सांगते की पहिली लस आणि पहिलं जंतांचं औषध झालं, लसीला किमान सात दिवस उलटले, की पिल्लांना स्वच्छ जागेतल्या वर्गात नेता येतं. आमच्या उदाहरणात ती तारीख 8 सप्टेंबर. असा वर्ग जवळ नसेल तर त्याचंच घरगुती रूप म्हणजे कडेवरची फेरी. व्हिडिओत सर्वांत जास्त वेळ आम्ही हिला दिला, कारण ही वाचून कळत नाही, बघावी लागते.

दृश्य: सकाळ, गल्लीचं तोंड. आजीच्या कडेवर पिल्लू. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. अंगात हार्नेस आणि त्याची दोरी मनगटाला, कारण दचकलेलं पिल्लू उडी मारतं. नातीच्या मुठीत उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. लांबून कचरागाडीचं गाणं.

नात: आजी, आत्ता देऊ?
आजी: थांब. त्याचे कान उभे राहू देत. ऐकलं त्याने. आता दे.

हा क्रम बारकाईने दाखवायचा. आधी आवाज, मग तुकडा. तुकडा आधी दिला तर थोड्याच दिवसांत तुकडा दिसला की काहीतरी भयंकर येणार, असं पिल्लू शिकतं. गाडी गेली की तुकडे बंद.

कॅमेरा मग तोंडाजवळ न्यायचा. पिल्लू तुकडा ओठांनी हळूच उचलतं, म्हणजे अंतर बरोबर आहे. दात लावून हिसकावतं, म्हणजे ताण आला, थोडं मागे सरका. तुकडा नाकासमोर असूनही तोंड फिरवतं, जीभ ओठांवरून फिरवतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, शेपूट पोटाखाली घेतं, म्हणजे फेरी तिथेच संपली. ‘काही नाही होत, बघ बघ’ म्हणत गाडीजवळ नेणारी माणसं पुष्कळ असतात, आणि हे टाळलंच पाहिजे. आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास एखादा मोठा धसका मनात घर करू शकतो. म्हणून सप्टेंबरात हे पिल्लू अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना न्यायचं नाही, कडेवरसुद्धा नाही. लांबच्या गच्चीवरून ढोल ऐकू आला तर तेवढा पुरे. फेरी पाच-सात मिनिटांची, रोज एक. सराफ्यातली रात्रीची गर्दी या वयाला नको.

डॉक्टरांची टीप: दवाखान्यात पिल्लू फरशीवर सोडू नका. आजारी कुत्री तिथेच येतात. नंबर येईपर्यंत मांडीवर, आणि तपासणीचं टेबल पुसून झाल्यावरच त्यावर. लस झालेल्या, शांत, ओळखीच्या मोठ्या कुत्र्याच्या घरी जायला हरकत नाही. मात्र त्या घरात गेल्या वर्षभरात पार्व्हो झालेला नसावा.

कडेवरच्या फेरीच्या अडचणी खऱ्या आहेत. लॅब्रॅडॉरचं पिल्लू बाराव्या आठवड्यात आठ-दहा किलोचं होतं. पासष्टीच्या आजींनी ते उचलून जिने उतरायचे नसतात. खांद्याला अडकवायची बळकट पिशवी किंवा उभ्या केलेल्या चारचाकीची उघडी डिकी हा त्यावर मार्ग, पण डिकीशी कुणीतरी सतत हवं. दुसरी अडचण गल्लीतल्या कुत्र्यांची. उंचावरचं पिल्लू बघून ती उड्या मारतात. म्हणून त्यांची जागा कुठे आणि ती कधी जागी असतात, हे आधी रिकाम्या हातांनी जाऊन बघून यायचं.

मग कुणी काय निवडायचं?

नेहमीच्या घराला मी कडेवरची फेरीच सांगेन. पाय जमिनीला लागले नाहीत, कुणी हुंगलं नाही, तर विष्ठेतून होणाऱ्या संसर्गाचा धोका फारच कमी राहतो, आणि चौदाव्या आठवड्याआधीचे हातातून गेलेले दिवस नंतर महिनोन् महिने खर्चूनही पुरते भरून येत नाहीत.

तरी काही घरांनी पहिलीच संहिता धरावी. इमारतीत नुकतंच एखादं पिल्लू पार्व्होने गेलं असेल, पिल्लाच्या लसीचं कार्ड नसेल किंवा कार्डावर लसीचं स्टिकरच नसून नुसती सही असेल, जुलाब चालू असतील, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. त्या काळात निदान खिडकी आणि गच्ची वापरा. पिल्लाला मांडीवर घेऊन गच्चीतून रस्ता दाखवणं हे अर्धं काम तरी करतं.

रस्त्यावरून उचललेलं देशी पिल्लू मात्र उलट्या बाजूने बघायला हवं. हॉर्न, गाय, हातगाडी हे सगळं ते जन्मापासून बघत आलेलं असतं, त्याला रस्त्याची ओळख करून द्यायची घाई नसते. त्याला अनोळखी असतात मिक्सर, कुकरची शिटी, बंद दार. शिवाय संसर्ग त्याच्या अंगात आधीच असू शकतो, आणि पार्व्होची लक्षणं दिसायला बहुतेक वेळा तीन ते सात दिवस, कधी चौदाही लागतात. म्हणून पहिले दोन आठवडे घरातच, घरच्या दुसऱ्या कुत्र्यापासून वेगळं. या पिल्लाचा दात किंवा नख कुणाला लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जायचं. ‘लहान आहे, याला कुठला रेबीज’ असं म्हणू नये.

दोन्ही संहितांचं शेवटचं दृश्य एकच ठेवलं आहे. शेवटच्या लसीनंतरचे दोन आठवडे संपले आणि पिल्लू पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर फाटकाबाहेर येतं. कडेवरून फिरलेलं असेल तरी त्या दिवशी फक्त फाटकापासून शेजारच्या फाटकापर्यंत. दोरी सैल. ते थांबलं तर आपणही थांबायचं आणि ते स्वतःहून पाऊल टाकेपर्यंत ओढायचं नाही. तारीख दिवाळीच्या दोन-चार दिवसांत पडत असेल, तर ही फेरी फटाके सरेपर्यंत पुढे ढकलायची.