ग्राउंडेड थिअरी की गृहीतकाची चाचणी? एक प्रश्न, दोन वाटा

एम.ए., एम.एस.डब्ल्यू. किंवा पीएच.डी.चा आराखडा लिहायला घेतला की ‘संशोधनाची गृहीतके’ असा एक मथळा समोर येतो. मथळा आहे म्हणून त्याखाली तीन-चार वाक्ये लिहिली जातात, आणि पुढची दोन-तीन वर्षे कशी जाणार हे तिथेच ठरून जाते. त्या जागी गृहीतक लिहावे, की ते मोकळे ठेवून आधी माणसांशी बोलायला जावे, हे ठरवणाऱ्यासाठी हा लेख आहे. दोन्ही वाटांना एकच प्रश्न देऊन पाहू: डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या कायम घ्यायला सांगितल्या असतानाही माणसे त्या मध्येच का थांबवतात?

आधी ओळखीची वाट. तुमचा अंदाज आहे की कारण खर्चाचे आहे. मग गृहीतक असे होईल: ज्यांना गोळ्या विकत घ्याव्या लागतात त्यांच्यात थांबवण्याचे प्रमाण, ज्यांना त्या फुकट मिळतात त्यांच्यापेक्षा जास्त असते. ‘थांबवणे’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवायचे. समजा, गेल्या महिन्यात सलग सात दिवस गोळी न घेणे. एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात २५ टक्के एवढा फरक पकडायचा असेल, तर ५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची जोखीम, आणि ८० टक्के सामर्थ्य, म्हणजे असलेला फरक सापडण्याची शक्यता, धरून प्रत्येक गटात साधारण दीडशे माणसे लागतात. प्रश्नावली सगळ्यांना सारखीच द्यायची. मध्येच प्रश्न बदलला तर आधीची आणि नंतरची उत्तरे एकत्र मोजता येत नाहीत.

या वाटेचे बळ असे की तुमचा अंदाज खोटा ठरू शकतो, आणि खरा ठरला तर फरक किती आहे हेही सांगता येते. अडचण वेगळ्या जागी आहे. प्रश्नावलीत ‘गोळी का थांबवली?’ याखाली विसरलो, पैसे नव्हते, त्रास झाला, इतर असे पर्याय असतात. ज्या कारणाला तुम्ही अजून नावच दिलेले नाही, ते ‘इतर’मध्ये जाऊन पडते. तीनशे माणसे विचारूनही ते सापडत नाही.

दुसरी वाट ग्राउंडेड थिअरीची, म्हणजे सिद्धांत माहितीतूनच उभा करण्याची. या वाटेने गृहीतक न घेता जायचे. पहिली तीन-चार माणसे गाठायची, मोकळेपणाने बोलू द्यायचे आणि बोलणे शब्दशः उतरवायचे. खालची वाक्ये पद्धत दाखवण्यासाठी मी रचली आहेत, पण ज्याने अशी मुलाखत घेतली आहे त्याला ती अनोळखी वाटणार नाहीत.

किराणा दुकानदार, वय ५४: “डोकं जड झालं की घेतो. काही होत नसेल तर गोळी कशाला?”

शेतात कामाला जाणाऱ्या बाई, वय ५०: “महिन्याच्या गोळ्या दीड महिना पुरवते. एक दिवसाआड घेते.”

निवृत्त शिक्षक, वय ६३: “मशीनवर १३० आलं, मग आठ दिवस बंद ठेवली. म्हटलं, बघू तरी गोळीवाचून राहतंय का.”

आता प्रत्येक वाक्याला कोड द्यायचा, म्हणजे माणूस काय करतो आहे त्याला एक छोटे नाव द्यायचे. दुकानदाराला ‘शरीराला विचारून गोळी घेणे’. बाईंच्या वाक्यापाशी हात आपोआप ‘पैशाअभावी कपात’ लिहायला जातो, कारण गरीब बाई गोळ्या पुरवून वापरते म्हणजे खर्चच असणार, असे आपण धरून बसलेलो असतो. पण त्यांचे पुढचे वाक्य असे आहे: “पैशाचं नाही हो, सरकारी दवाखान्यात फुकटच मिळतात. रोज घेतली की अंगाला सवय लागते, मग सुटत नाही.” कोड खोडायचा आणि लिहायचे ‘सवय लागू नये म्हणून अंतर ठेवणे’. शिक्षकांना ‘गोळीवाचून राहून पाहणे’.

कोड बोलणाऱ्याच्या भाषेतच द्यावा, असा माझा आग्रह आहे. ‘अंगाला सवय’चे इंग्रजी करून ‘ॲडिक्शन’ लिहिले, तर बाईंनी म्हटले त्यापेक्षा निराळेच काही हाती येते. त्यांना नशा म्हणायचे नाही. गोळी सुरू असेल तर शरीर आपले काम स्वतः करणे सोडून देईल, अशी ती भीती आहे.

मग तिन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. यालाच सतत तुलना म्हणतात आणि या पद्धतीचे खरे काम इथे होते. तिघांतला एकही विसरलेला नाही. एकानेही उपचार सोडलेला नाही. ‘मला गोळीची गरज अजून आहे का?’ हा प्रश्न तिघांच्याही वागण्यात आहे. दुकानदार त्याचे उत्तर डोक्याच्या जडपणात शोधतो, शिक्षक मशीनवर. बाई मात्र काही तपासत नाहीत. गरज वाढू नये म्हणून त्या आधीच अंतर राखतात. म्हणून पहिल्या दोघांना एक नाव देता येते: ‘घरची परीक्षा’. बाईंना त्यात कोंबायचे नाही, वेगळे ठेवायचे. हे सगळे त्याच रात्री एका टिपणात लिहून ठेवायचे: तुलना कुठे जुळली, कुठे अडली, पुढे काय पाहायला हवे. या टिपणांना मेमो म्हणतात, आणि शेवटी प्रबंध लिहिताना मुलाखतींपेक्षा तीच जास्त उपयोगी पडतात.

पुढचा माणूस कोण, हे आता मेमो ठरवतो. परीक्षा घेणारे दोघे भेटले, तर कधीच परीक्षा न घेणारा हवा. समजा एक बाई भेटल्या, पाच वर्षांत गोळी न चुकवलेल्या: “सासूबाईंना काहीच होत नव्हतं. एका सकाळी उजवी बाजू गेली. तेव्हा पहिल्यांदा बीपी मोजलं.” ‘काही होत नाही’ हे या बाईंच्या लेखी बरे असल्याचे लक्षण नाही. म्हणजे संकल्पनेला एक बाजू मिळाली: शरीराच्या खुणेवर असलेला भरवसा. आणि त्यातून एक कच्चे विधान उभे राहते. ज्याचा शरीराच्या खुणेवर भरवसा आहे, तो ‘कायम घ्या’ हे ‘गरज असेपर्यंत घ्या’ असे ऐकतो आणि परीक्षा सुरू करतो. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवत नाही, म्हणून अशी परीक्षा जवळजवळ नेहमीच पास होते, आणि पास झाल्यामुळे पुढची सुट्टी लांबते.

खर्चाचे गृहीतक घेऊन निघालो असतो तर हे विधान हाती आले नसते. मात्र ते किती जणांना लागू आहे, हे या चार माणसांवरून सांगता येत नाही. चाळीस झाली तरी सांगता येणार नाही, कारण ती मोजणीसाठी निवडलेलीच नाहीत.

माणसे अशी निवडण्याला सैद्धांतिक नमुना निवड म्हणतात. तिचे मूळ उदाहरण ही पद्धत मांडणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांचे आहे. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्ण आणि कर्मचारी एकमेकांशी कसे वागतात हे ते पाहत होते. रुग्णाला आपल्या मरणाची कल्पना असण्या-नसण्याने काय बदलते, हा धागा हाती आल्यावर त्यांनी जागा त्या धाग्याप्रमाणे निवडल्या. आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग आणि मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग, कारण तिथल्या रुग्णाला जाणीव जवळजवळ नसतेच. मग मरण लवकर येणारा अतिदक्षता विभाग, आणि त्यानंतर ते सावकाश येणारा कर्करोग विभाग. त्यातून जाणिवेच्या चार स्थिती पुढे आल्या: रुग्णाला माहीतच नाही, त्याला संशय आहे, दोन्ही बाजूंना माहीत आहे पण दोघेही माहीत नसल्यासारखे वागतात, आणि सगळे उघड आहे. तिसरी स्थिती आपल्याकडच्या किती घरांत दिसते! ही निष्कर्षांची मांडणी १९६५ मध्ये आली आणि पद्धतीची १९६७ मध्ये.

पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. स्ट्रॉस यांनी ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासोबत १९९० मध्ये कोडिंगच्या ठरीव पायऱ्या दिल्या. ग्लेझर यांनी १९९२ मध्ये त्यावर हरकत घेतली की अशाने माहितीवर साचा लादला जातो. नंतर कॅथी चारमाझ यांनी संशोधकही अर्थ घडवण्यात सामील असतो, यावर भर दिला. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने यांपैकी एक धरावी आणि प्रबंधात तसे स्पष्ट लिहावे. तिघांची मिसळ केली की तोंडी परीक्षेत उत्तर देणे अवघड जाते.

आता निवडीचा प्रश्न. ‘मला आकडेवारी जमत नाही’ हे ग्राउंडेड थिअरी घेण्याचे कारण होऊ शकत नाही. एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, आणि कोडिंग त्यानंतर. मी दोन गोष्टी विचारेन. तुम्हाला जे मोजायचे आहे त्याला नाव आहे का? असेल, आणि ते किती, कोणात, कशासोबत वाढते हे हवे असेल, तर गृहीतक लिहा. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची: कोडिंग केल्यावर पुन्हा गावात जाता येणार आहे का? सगळ्या तीस मुलाखती उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून दिवाळीत कोडिंग करायचे असेल, तर तो ग्राउंडेड थिअरीचा अभ्यास होत नाही. तो विषयवार विश्लेषणाचा चांगला अभ्यास होऊ शकतो, आणि तेच नाव त्याला द्यावे.

काम बिघडते आहे हे ओळखायची एक खूण आहे. कोडांच्या यादीवरून नजर फिरवा. ‘आर्थिक घटक’, ‘कौटुंबिक घटक’, ‘जागरूकतेचा अभाव’ असे कोड दिसले, तर ते मुलाखतीला न जाताही लिहिता आले असते. गृहीतक दारातून बाहेर काढले आणि खिडकीतून आत घेतले, असे ते झाले. दुसरी चूक संपृक्ततेची, म्हणजे आता नवे काही मिळत नाही असे ठरवून थांबण्याची. ‘वीस मुलाखतींनंतर तेच तेच येऊ लागले’ एवढे पुरत नाही. नव्या माणसाने ‘घरची परीक्षा’ची एखादी नवी बाजू दाखवली का, हे पाहावे लागते. एकाच गल्लीतल्या, एकाच वयाच्या माणसांना विचारले तर तेच तेच येणारच.

आधीचे वाचन करावे की नाही, यावरही वाद आहे. ग्लेझर म्हणत की त्याच विषयावरचे लेखन नंतर वाचा. माझ्या मते वाचावे, पण कोड तिथून उचलू नयेत. आपल्या उदाहरणातच पाहा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पीटर कॉनरॅड यांनी १९८५ मध्ये अपस्माराच्या रुग्णांबद्दल लिहिले होते की ते गोळ्यांचे प्रमाण स्वतःच ठरवतात. गरज उरली आहे का हे तपासणे आणि गोळीवरचे अवलंबन टाळणे ही त्यांच्या कारणांपैकी दोन होती. म्हणजे दुकानदार, शिक्षक आणि दिवसाआड गोळी घेणाऱ्या बाई यांच्या जवळचे काही तिथे आधीच नोंदलेले आहे. हे लपवायचे नाही, तुलनेत घ्यायचे. अपस्मारात गोळी थांबवल्यावर झटका येऊ शकतो, म्हणजे परीक्षेत नापास होता येते. रक्तदाबात बहुधा तशी सूचनाच मिळत नाही. फरक इथे आहे, आणि तुमच्या अभ्यासाचे नवे म्हणणे याच फरकातून निघेल.

दोन्ही वाटा जोडायच्या असतील तर क्रम हाच: आधी संकल्पना, मग मोजणी, आणि मोजणी नव्या माणसांवर. ज्या वीस जणांतून ‘घरची परीक्षा’ निघाली त्यांच्यावरच ‘वीसपैकी चौदा’ असा आकडा काढून गृहीतक सिद्ध झाले म्हणायचे नाही. त्याऐवजी नव्या प्रश्नावलीत दोन प्रश्न येतील: ‘गोळीवाचून चालते का हे पाहण्यासाठी तुम्ही ती मुद्दाम बंद ठेवली होती का?’ आणि ‘बीपी वाढले तर तुम्हाला ते जाणवेल असे वाटते का?’ दुसऱ्याला ‘हो’ म्हणणाऱ्यांत पहिल्याचे ‘हो’ जास्त निघते का, ही झाली चाचणी. आणि आराखड्यातल्या त्या मथळ्याखाली आता लिहायला खरे गृहीतक आहे.