पंक्चर काढण्याच्या व्हिडिओची संहिता : सात महिन्यांच्या वापरानंतर

आठवीतल्या एका मुलीने शनिवारी आमच्या वर्गात स्वतःच्या हाताने पंक्चर काढले आणि मंगळवारी सकाळी ती सायकल हातात धरून, घामाघूम होऊन, शाळेत पाऊण तास उशिरा पोहोचली. ट्यूब काढून पाहिली तर पॅच अर्धा सुटला होता आणि त्याखालचे सोल्युशन तीन दिवसांनंतरही शेंबडासारखे ओलसर होते. ती ज्या संहितेवरून शिकली होती, त्याच संहितेबद्दल हे लिहीत आहे. किशोरवयीन मुलांसाठी तयार केलेली ही अकरा पानांची संहिता मी जूनमध्ये १५० रुपयांना विकत घेतली. डाव्या रकान्यात दृश्य, उजव्या रकान्यात निवेदन, खाली मुलांच्या हातांसाठी ठळक सूचना आणि सुरुवातीला साधनांची यादी, ही तिची रचना अनेकांनी पाहिली असेल, त्यामुळे तिचे वर्णन करत बसत नाही. आम्ही शाळेच्या पडवीत तिच्यावरून नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला आणि नंतर दर शनिवारी तोच दाखवून मुलांकडून काम करून घेतले.

माझी मुख्य तक्रार एका ओळीची आहे. सातव्या पानावर, सोल्युशन लावण्याच्या दृश्यानंतर, संहिता म्हणते : "थोडे थांबा आणि पॅच चिकटवा." थोडे म्हणजे किती, हे कुठेही लिहिलेले नाही. दृश्याच्या रकान्यात तर त्या ओळीसमोर तीन सेकंद लिहिले आहेत. तेरा वर्षांच्या मुलाने तीन सेकंद पाहिले की तो तीनच सेकंद थांबतो, फार झाले तर दहा.

आता या 'थोडे'मध्ये काय घडते ते सांगितले पाहिजे, कारण संहिता ते सांगत नाही. सोल्युशन हा सरस किंवा डिंकासारखा पदार्थ नाही. ते उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेले रबर असते. तो द्रावक पूर्ण उडून गेला की ट्यूबवर रबराचा एक पातळ, कोरडा थर उरतो आणि पॅचची खालची बाजू त्या थराशी जुळते. द्रावक उडण्याआधी पॅच बसवला, तर द्रावक पॅचखाली कोंडला जातो, त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि टायरमधल्या हवेच्या दाबाने ट्यूब ताणली की पॅच त्या ओलसर थरावरून सरकतो. आमच्या त्या मुलीच्या ट्यूबमध्ये नेमके हेच झाले होते.

संहिता बनवणाऱ्यांना मी पत्र लिहिले. त्यांचे उत्तर असे आले की पाच मिनिटांची शांतता दाखवली तर मुले व्हिडिओ बंद करतील, म्हणून "थोडे" हा शब्द जाणीवपूर्वक ठेवला आहे. दीडशे रुपये घेणाऱ्याने असे उत्तर द्यावे, याचा मला फार राग आला. मी दुसरे पत्र लिहिले, त्याला उत्तर आले नाही.

रागाच्या भरात मी मुलांसमोर एक प्रयोग केला. सायकलच्या दुकानातून टाकाऊ ट्यूब आणून तिचे तीन तुकडे केले, तिन्ही सारखेच घासले आणि तिन्हींवर सारखेच सोल्युशन लावले. पहिल्यावर अर्ध्या मिनिटाने पॅच बसवला, दुसऱ्यावर दोन मिनिटांनी, तिसऱ्यावर पाच मिनिटांनी. पंधरा मिनिटे थांबून मुलांना नखाने पॅच उचकटायला सांगितले. पहिला पॅच सालीसारखा निघाला आणि त्याच्याबरोबर सोल्युशनच्या तारा निघाल्या. दुसऱ्याची एक कड उचलली गेली, पण मधला भाग धरून राहिला. तिसऱ्यापाशी एका मुलाचे नख दुखावले, पॅच मात्र हलला नाही. त्या दिवसापासून मी "थोडे" हा शब्द खोडून त्याजागी लिहिले आहे : "चमक जाईपर्यंत." ताजे सोल्युशन ओल्या शाईसारखे चमकते आणि तयार झाले की मंद, धुरकट दिसते. खात्री करायची असेल तर मधे बोट लावू नये, कारण बोटाचे तेल लागते. थराच्या अगदी कडेला बोटाची मागची बाजू हलकेच टेकवावी. बोटाला काहीही ओले लागता कामा नये. फुंकर मारून वाळवण्याचा मोह मुलांना फार होतो, पण फुंकरीबरोबर तोंडातली ओल थरावर बसते, म्हणून तीही बंद केली. उन्हाळ्यात चार-पाच मिनिटे पुरतात, जुलैमध्ये आमच्या पडवीत आठ मिनिटेही लागली आहेत, म्हणून घड्याळापेक्षा चमक पाहणे बरे.

इथपर्यंत मी हे परीक्षण एक तारा देऊन संपवणार होतो. पण ऑगस्टमध्ये, "चमक जाईपर्यंत" थांबूनही, आणखी दोन पॅच कडेने सुटले, आणि तेव्हा मला कबूल करावे लागले की दोष सगळा संहितेचा नव्हता. ट्यूबवर साच्याची एक बारीक उभी रेघ असते. पंक्चर त्या रेघेजवळ असेल तर रेघ पूर्ण सपाट होईपर्यंत घासावे लागते, नाहीतर पॅचखाली दोन्ही बाजूंना बारीक बोगदे राहतात आणि हवा तिथून वाट काढते. संहितेत ही सूचना आहे, सहाव्या पानावर, आणि ती चांगली लिहिली आहे : "पॅचपेक्षा बोटभर मोठे वर्तुळ घासा, रेघ हाताला लागेनाशी झाली पाहिजे." ती मीच घाईत गाळली होती, कारण पॉलिश पेपर वाचवायचा होता. एका तुकड्यात चार मुले भागवण्याचा माझा हिशेब त्या दोन पॅचना नडला.

मत बदलण्याचे दुसरे कारण आठव्या पानावर सापडले. तिथे टायर तपासण्याचे दृश्य आहे आणि ते संहितेतले सर्वांत उत्तम दृश्य आहे. ट्यूब काढताना तिची दिशा बदलू देऊ नका, व्हॉल्व्हपासून छिद्र किती अंतरावर आहे ते मोजा आणि टायरवर व्हॉल्व्हच्या भोकापासून तेवढ्याच अंतरावर शोधा, असे तिथे सांगितले आहे. आमच्याकडे एका मुलाच्या ट्यूबमध्ये व्हॉल्व्हपासून एक वीत आणि दोन बोटे अंतरावर छिद्र होते. टायरवर त्याच अंतरावर वरून काहीच दिसत नव्हते, पण आतून कापसाचा बोळा फिरवल्यावर धागे एका जागी अडकले आणि बाभळीच्या काट्याचे तुटलेले टोक सापडले. तेच टोक तसेच राहिले असते तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी पंक्चर झाली असती. बोटाऐवजी कापूस वापरण्याची सूचनाही संहितेचीच आहे, आणि तिच्यामुळे माझ्या वर्गात अजून कोणाच्या बोटात काटा गेलेला नाही. छिद्र रिमच्या बाजूला निघाले तर टायर सोडून रिमची पट्टी आणि स्पोकची टोके पाहायची, आणि शेजारी शेजारी दोन छिद्रे असतील तर काटा शोधायचाच नाही, कारण कमी हवेत खड्ड्यावर आपटून ट्यूब चिमटली गेलेली असते, हेही तिथेच नीट दिले आहे.

मग माझ्या लक्षात आले की सातवे आणि आठवे पान यांचा क्रमच चुकला आहे. सोल्युशन लावून झाले की मुलाच्या हातात काही काम नसते, म्हणून तो पॅच चिकटवतो. टायर तपासायला चार-पाच मिनिटे लागतात, आणि तेवढाच वेळ सोल्युशनला हवा असतो. आम्ही व्हिडिओ कापून पुन्हा जोडला : सोल्युशन लावले, ट्यूब दोरीवर टांगली, आणि कॅमेरा टायरकडे वळवला. तेव्हापासून मुलांना थांबा असे सांगावेच लागत नाही. दिवाळीनंतर एकही पॅच परत आलेला नाही. हे मी तिसऱ्या पत्रात लिहून पाठवले आहे.

साधनांच्या यादीबद्दल थोडक्यात. दोन टायर लिव्हर, पॉलिश पेपर, सोल्युशन, पॅच, बॉलपेन, कापूस, पंप, पाण्याची परात, १५ नंबरचा पाना आणि फडके एवढीच ती आहे आणि स्वयंपाकघरातल्या पराती चालतील असे तिथे स्पष्ट लिहिले आहे, हे मला आवडले. स्क्रू ड्रायव्हर वापरू नये, ही ताकीदही योग्य आहे, कारण तो ट्यूबला दुसरे पंक्चर करतो. मात्र यादीतल्या १५ नंबरच्या पान्याची आणि चाक काढण्याच्या दोन मिनिटांच्या दृश्याची मोठ्या काळ्या सायकलींना गरज नाही. आपल्याकडचा कोणताही सायकलवाला चाक जागेवर ठेवून, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवून, ट्यूबचा पाहिजे तो भाग बाहेर ओढतो. चाक काढल्यावर चेन पुन्हा ताणून बसवताना मुलांचा अर्धा तास जातो, तो वेगळाच.

यादीतली खरी उणीव मात्र दोन रुपयांची आहे. संहिता मोटारीसारखा व्हॉल्व्ह गृहीत धरते. आमच्या वर्गातल्या अर्ध्याहून अधिक सायकलींना जुना व्हॉल्व्ह आहे, ज्यात रबराची बारीक नळी चढवलेली असते. ती नळी विरली किंवा चिरली की हवा हळूहळू जाते, आणि मुले परातीत ट्यूब बुडवून नसलेले छिद्र शोधत बसतात. त्यासाठी टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हवर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून बुडबुडा येतो का ते पाहावे. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हची चकती सोडवून नळी बदलावी आणि टायरला हात लावू नये. सप्टेंबरमध्ये दोन शनिवारी मिळून पाच "पंक्चर" अशी निघाली, आणि त्या मुलांनी आधीच ट्यूबवर एकूण तीन पॅच उगाच खर्च केले होते.

नवीन प्रत आली की सातवे पान आधी उघडून पाहीन. सध्या माझ्या प्रतीत आठवे पान सातव्याच्या आधी टाचलेले आहे, पहिल्या पानावर पेन्सिलीने "व्हॉल्व्हची नळी, ४ नग" असे लिहिले आहे, आणि "थोडे" या शब्दावर इतके गिरवले आहे की कागद तिथे फाटला आहे.