ओळीला ओळ की तुकड्याला तुकडा? लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी मिळून वाचताना

लग्नाच्या वाढदिवसाला नवरा-बायकोने मिळून काही वाचायचं ठरलं की लिहिणाऱ्यापुढे दोन रचना असतात. पहिलीत एक ओळ त्याची, एक तिची, बोलाचाली चालावी तशी. दुसरीत तो चार-पाच वाक्यांचा तुकडा वाचतो, मग ती तिचा. कागदावर दोन्ही सारख्याच वाटतात, मांडवात उभं राहिल्यावर मात्र फार वेगळ्या वागतात.

उदाहरणापुरतं वेंगुर्ल्याकडचं एक जोडपं घेऊ. लग्न मे 1976 मधलं, म्हणजे यंदा पन्नास वर्षं. तो मुंबईत गिरणीकामगार, ती गावी सासू-सासऱ्यांजवळ. अशी घरं कोकणात वाडीवाडीत सापडतील. दोघांच्या वाचनाला हे जोडपं फार सोयीचं, कारण लग्नाची पहिली कित्येक वर्षं दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी काढलेली. त्यामुळे एकच घटना दोघांना दोन बाजूंनी आठवते.

ओळीला ओळ अशी लावली तर हा भाग असा होईल:

तो: मे महिन्यात लग्न, आणि जूनच्या आत मी मुंबईला, गिरणीत.
ती: मी इथे सासूबाईंच्या हाताखाली, आणि लावणी तोंडावर.
तो: दर महिन्याला मनीऑर्डर करायचो.
ती: दर महिन्याला नाही हो. श्रावणात आलीच नाही.
तो: ते पैसे तुझ्या साडीसाठी बाजूला ठेवले होते.
ती: साडी निघाली हिरवी. मला हवी होती लाल.
तो: मग पत्रात लिहायचं होतंस.
ती: पत्र लिहायला धाकटे भावोजी, वाचून दाखवायचं तुमच्या आईला. लाल रंग कुठल्या तोंडाने सांगू?

इथे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला धक्का देते. ही रचना त्यावरच चालते. तपासायचं असेल तर तिच्या ओळी हाताने झाका आणि फक्त त्याच्या वाचा. मनीऑर्डर केली, पैसे बाजूला ठेवले, एवढंच उरतं आणि गोष्ट लंगडी पडते. म्हणजे ओळी वाटून देण्यात अर्थ आहे. झाकूनही गोष्ट पूर्ण राहत असेल, तर तुम्ही एकाच माणसाचं भाषण दोघांत वाटलंय. "मग आम्ही घर बांधलं", "मग मुलगी झाली", "मग तिला शाळेत घातलं" अशी पाळीपाळीने सांगितलेली यादी पाहुण्यांना हजेरीपटासारखी ऐकू येते.

आता त्याच जोडप्याचं 1982 घ्या. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. हे तुकड्यांत असं येईल:

तो: पहिले दोन महिने वाटायचं, आज मिटेल, उद्या मिटेल. मग खोलीवरची माणसं एकेक करून गावाची वाट धरू लागली. मी थांबलो. घरी काही कळवलं नाही. मनीऑर्डर थांबली तशी पत्रंही थांबवली.

ती: मनीऑर्डर थांबली तेव्हाच मी ओळखलं. वाडीत कुणाचीच येत नव्हती. काजूची बी विकली, त्यावर पावसाळ्यापर्यंत घर चाललं. तुम्ही गणपतीला रिकाम्या हातांनी आलात. मी काही विचारलं नाही.

हेच ओळीओळीत तोडून पाहा. "मी कळवलं नाही." "मी ओळखलं होतं." लगेच जुगलबंदी वाटू लागते आणि कुणीतरी हसतं. माझ्या मते दुःखाच्या, पैशाच्या आणि गेलेल्या माणसांच्या आठवणींना तुकडाच द्यावा. एकाचं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने गप्प उभं राहायचं, तेही पाहुण्यांना दिसतं.

संबोधनातही फरक पडतो. ओळींच्या रचनेत दोघं एकमेकांशीच बोलतात, म्हणून "अहो", "तुम्ही", "अगं" आपसूक येतं. तुकड्यांत तोंड पाहुण्यांकडे वळू शकतं आणि ती "हे तेव्हा परळला राहायचे" असं म्हणू शकते. दोन्ही चालतं. मात्र एकाच परिच्छेदात "तुम्ही" आणि "हे" आलं की ऐकणारा गोंधळतो, म्हणून वळायचं असेल तर नव्या तुकड्याच्या सुरुवातीला वळा.

पत्रिका छापण्याआधी विचारात घ्यायची खरी अडचण कानांची आहे. सत्तरी ओलांडलेल्या दोघांपैकी एकाला कमी ऐकू येत असेल, तर ओळींची रचना जागोजागी अडखळते, कारण दर पाच-सात सेकंदांनी समोरच्याचं वाक्य संपल्याचं कळावं लागतं. आपली वाक्यं बहुतेक "होतं", "आलं", "गेलं" यांवर संपतात, आणि हे शेवटचे शब्द वाऱ्यात पहिल्यांदा विरतात. उपाय लिहितानाच करायचा. वाक्याच्या टोकाला ठळक शब्द आणा: "मुंबईला, गिरणीत", "श्रावणात आलीच नाही", "हवी होती लाल". वरच्या नमुन्यात तसंच केलंय. तरीही ऐकू येत नसेल तर तुकडेच घ्या. मग सगळ्या वाचनात खुणेच्या जागा सात-आठच उरतात आणि तिथे कोपराने हळूच ढोसलं तरी भागतं.

माइकचाही हिशेब हाच. एकच माइक असेल तर तो दर ओळीला हातातून हातात जाईल आणि अर्धी गंमत त्यातच जाईल. ओळींच्या रचनेला दोन माइक हवेत, किंवा दोघांच्या मधोमध स्टँडवर एक. अंगणातल्या मांडवात खारा वारा असतो, सुटे कागद उडतात. म्हणून दोघांचा मजकूर एकाच क्रमाने पुठ्ठ्यावर चिकटवा, आपल्या ओळी जाड ठशात आणि समोरच्याच्या बारीक. पान उलटायची वेळ आपल्या ओळीच्या मधे येऊ देऊ नका.

लांबीबद्दल एवढंच, की म्हातारी माणसं सावकाश वाचतात, मिनिटाला साधारण 100 शब्द धरा. पाच मिनिटांच्या वर जाऊ नये. मधे हशा येतो, कुणी मधेच बोलतं, त्यात एखादं मिनिट जातंच. म्हणून 400 शब्द पुरतात.

वरच्या जोडप्याला मी दोन्ही रचना मिसळून देईन. मनीऑर्डर आणि साडी ओळींत, संप तुकड्यांत, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावरचा भाग पुन्हा ओळींत, कारण एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून येणारा तो, आणि "रेल्वे आली म्हणून आता दर महिन्याला पाहुणे" म्हणणारी ती, असं भांडण तिथे आयतंच तयार असतं. दोघांपैकी कुणी लिखित वाचायला तयारच नसेल, तरी ओळी पाठ करायला लावू नका. दशावतार पाहून वाढलेल्या माणसांना प्रसंग ठाऊक असला की संवाद उभ्या उभ्या रचले जातात हे माहीत असतं. त्यांना फक्त प्रसंगांचा क्रम द्या: मनीऑर्डर, साडी, संप, रेल्वे.

मालवणी घालायची का, हा प्रश्न येतोच. मुंबईची नातवंडं समोर असतील तर सगळं मालवणीत नको. ज्या एक-दोन वाक्यांत सासूबाई किंवा पोस्टमन बोलतात तेवढी तशीच ठेवा.

उखाणा मात्र वाचनाच्या आधी उरकून घ्या. वाचन संपून डोळे पुसणं चालू असताना "आता नाव घे गो!" म्हणणारी मावशी प्रत्येक मांडवात असतेच.