‘पात्र’ म्हणाले आणि ९,६४९ रुपये गेले

माझ्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपच्या फेऱ्यांतून नाही, तर संस्थास्तरावर, थेट कॉलेजकडून. सगळी गोम यातच आहे, म्हणून हे आधी सांगतो. आम्ही खुल्या प्रवर्गातले, वर्षाचं उत्पन्न ५,४०,००० रुपये. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला आठ लाखांची मर्यादा आहे आणि २०२४-२५ पासून मुलींना पूर्ण शुल्कमाफी, एवढं ऐकून होतो. कॅपमधून प्रवेश नसेल तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पात्रता तपासा’ अशी लिंक आली. बारावीचे गुण, कुटुंबाचं उत्पन्न, हाताशी असलेले दाखले भरायचे आणि ४९९ रुपये ‘पडताळणी शुल्क’. मिनिटभरात हिरव्या अक्षरांत ‘पात्र’ आणि खाली अपूर्ण कागदपत्रांची यादी: उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र.

जात वैधता! खुल्या प्रवर्गातल्या मुलीला! प्रवर्गाच्या रकान्यात मी स्वतः ‘खुला’ निवडलं होतं. यादी सगळ्यांना तीच जात होती, माझी माहिती कुणी वाचलीच नव्हती, हे तिथेच लख्ख दिसत होतं. आणि प्रवेश कॅपमधून की संस्थास्तरावर, हा या योजनेतला पहिला प्रश्न त्या फॉर्ममध्ये नव्हताच. तो विचारला असता तर उत्तर ‘अपात्र’ आलं असतं, मग पुढचे पैसे कुणाकडून काढणार? मी फोन करून जात वैधतेचं विचारलंही. पलीकडचा म्हणाला, “काका, सिस्टिम सगळ्यांना मागते, तुमचं आम्ही काढून टाकतो.” इतकं गोड बोलला की मलाच वाटलं, उगाच शंका घेतली. मी काही अडाणी नाही, दुकानाचा हिशेब रोज लिहितो. पण अर्जाची मुदत संपत आली होती आणि तहसीलमधला दाखला निघत नव्हता, अशा वेळी कुणीही भुलला असता.

दोन दाखल्यांचे २,३५० दिले. मग ‘मंजुरी अनामत, शिष्यवृत्तीसोबत परत’ म्हणून ६,८००. अनामत म्हटल्यावर डोळे उघडायला हवे होते, ते नाही उघडले. सरकारी शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात येते, त्यासाठी कुणाकडे अनामत ठेवावी लागत नाही.

दाखल्यांच्या पीडीएफ आल्या. कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या बाईंनी उत्पन्नाच्या दाखल्यावरचा बारकोड क्रमांक ‘आपले सरकार’वर टाकला. नोंदच नाही. वर त्यात उत्पन्न १,०८,००० लिहिलेलं! बाई म्हणाल्या, “हा अपलोड केला असतात तर गुन्हा तुमच्यावर झाला असता.” पैसेही माझे गेले आणि आरोपीही मीच झालो असतो. प्रवेश संस्थास्तरावरचा आहे हेही त्यांनी पावती बघून अर्ध्या मिनिटात सांगितलं. फुकटात. तुमच्या कॉलेजातही अर्ज तपासणारं कुणीतरी असतंच, आधी त्यांना गाठा.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, “सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, “रक्कम किती? साडेनऊ हजार? लोकांचे लाखो जातात हो.” म्हणजे आमचे साडेनऊ हजार पैसे नव्हेत? मुलीची सहा महिन्यांची मेस आहे ती. बँकेत मॅनेजर साहेबांनी मान वर न करता ऐकवलं, “पिन तुम्हीच टाकलात ना?” मीच टाकला! बंदूक लावून नाही, गोड बोलून टाकायला लावला, त्यालाच फसवणूक म्हणतात. अर्ज घ्या म्हटलं तर पोच द्यायला शिक्का सापडेना. ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं, तर “पोलिसांचं पत्र आणा”. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. यांच्यात चेंडू होऊन फिरायला मी रिकामा बसलोय का? चोराने निदान पहिल्या रिंगला फोन उचलला होता.

तुम्ही ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात. ते पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले गेले तरच काही हाती लागतं. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. मी उशिरा लावला. cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली आहे, स्थिती अजून ‘प्रक्रियेत’.

पात्रता बघायची तर mahadbt.maharashtra.gov.in वर प्रोफाइल भरा. तिथे योजनेच्या अटी आणि कागदांची यादी दिसते, अर्जाला पैसे लागत नाहीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. कुणी काढून दिला तर बारकोड आधी स्वतः तपासा, मगच अपलोड करा. आणि यादीत तुमच्या प्रवर्गाला न लागणारा एकही कागद दिसला, तर फोन करून खुलासा मागत बसू नका. खुलासा त्यांच्याकडे तयारच असतो.